आठ वजीर, नोंद चौथी: ० वरून ९२ वर

सापडलं! काल रात्री पावणेबाराला स्क्रीनवर ९२ उमटलं आणि मी खुर्चीतून उठून खोलीभर एक फेरी मारली. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बॅकट्रॅकिंगचा कोड जवळजवळ झालाय, आता फक्त सगळ्या मांडण्या तपासणाऱ्या ब्रूट फोर्सशी तुलना उरली. त्या 'जवळजवळ'ने पुढचे नऊ दिवस खाल्ले.

मांडणी तुम्हाला माहीत आहेच: आठ बाय आठच्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कुणीच कुणाला मारणार नाही, आणि अशी उत्तरं किती ते मोजायचं. एका आडव्या ओळीत एकच वजीर, म्हणून ओळ `r` धरायची आणि उभी रांग `c` शोधत जायची. कोणती रांग, कोणती तिरपी ओळ भरली आहे ते तीन ॲरेंत ठेवायचं. वजीर बसला की तीन खुणा, पुढच्या ओळीत जागा नसेल तर मागे येऊन त्या पुसायच्या.

```python
for c in range(n):
    if col[c] or up[r+c] or dn[r-c]:
        continue
    col[c] = up[r+c] = dn[r-c] = True
    thev(r+1)
    col[c] = up[r+c] = dn[r-c] = False
```

सुरुवातीला तिन्ही ॲरे `n` लांबीचे केले होते. चालवल्याबरोबर `IndexError: list index out of range`. बरोबरच होतं, `r+c` ची बेरीज ० ते १४ जाते. `up` ची लांबी `2*n-1` केली, तक्रार बंद झाली आणि मी पुढे सरकले.

छोट्या पटावर तपासायची सवय म्हणून `n = 5` दिलं. उत्तर १०. पाच वजिरांची उत्तरं दहाच असतात, म्हणून मी निश्चिंत झाले. मग `n = 8` दिलं. उत्तर ०. एरर नाही, इशारा नाही, नुसतं शून्य.

पहिला संशय खुणा पुसण्यावर गेला, कारण बॅकट्रॅकिंगमध्ये सगळे तिथेच घसरतात. दोन संध्याकाळी त्या एका ओळीवर गेल्या. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं: पुसणं चुकलं असतं तर पाचच्या पटावरही दहा उत्तरं आली नसती. मग ४ आणि ६ देऊन पाहिलं. दोन्हीकडे ०. चारच्या पटावर दोन उत्तरं असतात, ती कागदावर कुणीही मांडेल. म्हणजे चूक आठच्या आकड्यात नव्हती, पण पाचला ती दिसत का नव्हती?

रविवारी मामा आले, दांडिया बाजारातून शेव-उसळ घेऊन. त्यांचा जुना लाकडी पट आमच्याकडेच असतो. वजीर दोनच, म्हणून आठ पांढरी प्यादी घेतली. मी त्यांना आकड्यांच्या क्रमाने येणारं पहिलं खरं उत्तर सांगितलं: रांगा ०, ४, ७, ५, २, ६, १, ३. मामांनी एकेक प्यादं ठेवलं, बोट तिरपं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर पक्कं आहे. तुझ्या मशीनला यातलं कोणतं प्यादं खटकतंय?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मी शोध चालवत होते. तयार उत्तर कोडला एकेक पाऊल भरवून पाहिलं नव्हतं. तिथेच पटाशेजारी लॅपटॉप उघडून ते केलं. सहा वजीर निमूट बसले. सातवा, म्हणजे ओळ ६, रांग १, नाकारला. कारण `dn[5]` आधीच भरलेलं. ते भरलं होतं ओळ १, रांग ४ च्या वजिराने. पण त्याचा `r-c` तर -३!

मामांनी त्या दोन प्याद्यांवर दोन बोटं ठेवली. "हे दोघं एकमेकांना बघतसुद्धा नाहीत. तिरप्या ओळी किती धरल्यास तू?" मी आठ धरल्या होत्या. त्यांनी एका दिशेच्या तिरप्या ओळी बोटाने मोजून दाखवल्या: पंधरा.

पायथनमध्ये ऋण इंडेक्स चालतो, तो ॲरेच्या शेवटाकडून मोजला जातो. आठ लांबीच्या ॲरेत -३ म्हणजे ५. म्हणून `up` ओरडला आणि `dn` गप्प राहिला. दोन वेगळ्या तिरप्या ओळी एका खुणेवर येत होत्या.

आता शून्यच का, हे मला झोपू देईना, कारण काही उत्तरं गळून काही उरायला हवी होती. मग हिशेब मांडला. आठ वजीर असले की ओळी ० ते ७ एकेकदा येतात, रांगाही एकेकदा, म्हणून सगळ्या `r-c` ची बेरीज शून्य. ऋण आकडा शेवटून मोजताना त्यात ८ मिळवले जातात, म्हणजे नवी बेरीज आठच्या पटीतच राहणार. पण आठ खुणा आणि आठ वजीर, म्हणजे प्रत्येक खुणेवर एकेक, आणि ० ते ७ ची बेरीज २८. ती आठच्या पटीत बसत नाही. म्हणून माझ्या कोडला आठव्या वजिरापर्यंत पोचणं अशक्यच होतं. पाचला ० ते ४ ची बेरीज १०, ती पाचच्या पटीत बसते, आणि पाचच्या पटावरची दहाही उत्तरं या चुकीच्या ॲरेतही खरी ठरतात. मी तपासायला नेमका तोच पट निवडला होता. यापुढे ४ आणि ६ तपासल्याशिवाय ८ ला हात लावणार नाही.

दुरुस्ती एवढीच:

```python
dn = [False] * (2*n - 1)
# इंडेक्स: r - c + n - 1
```

नुसती लांबी १५ केली तरी पायथनमध्ये उत्तर ९२ च येतं, कारण ऋण आकडे मग रिकाम्या जागी जातात. तरी मी सरकवलेलाच इंडेक्स ठेवलाय. सी मध्ये ऋण इंडेक्स ॲरेच्या बाहेरची मेमरी वाचतो, आणि पुढे मला सी मध्ये जायचंय.

आता तुलना, थोडक्यात. ६४ घरांतून कोणतीही ८ निवडायची म्हटलं तर ४,४२,६१,६५,३६८ मांडण्या. प्रत्येक ओळीत एक धरलं तर १,६७,७७,२१६. माझ्या लॅपटॉपवर दुसरा प्रकार ३४ सेकंदांत संपला. त्याच वेगाने पहिल्याला अडीच तास लागतील, म्हणून तो चालवलाच नाही. बॅकट्रॅकिंगने सगळी ९२ उत्तरं काढायला घराची चाचणी फक्त १५,७२० वेळा केली. पहिलं उत्तर तर ८७६ चाचण्यांतच हाती आलं. पण ब्रूट फोर्सच्या बाजूनेही बोलायला हवं: रांगाही वेगवेगळ्या ठेवून नुसते क्रम बदलले तर ४०,३२० मांडण्याच उरतात आणि तेही चटकन संपतं. आठच्या पटावर हा फरक फार नाही. बाराला असे क्रम ४७,९०,०१,६०० होतात आणि उत्तरं १४,२००. खरी लढत तिथे आहे.

साधनांबद्दल एक मत. डीबगर मी दोन दिवस वापरला, पण पुन्हा पुन्हा स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनमध्ये पायरी-पायरीने चालताना मी कितव्या ओळीत आहे तेच विसरत होते. चौकटींची वही आणि `print(r, c, r-c)` यांनीच काम झालं.

पुढच्या आठवड्यात सी ठरलं होतं. पण हे लिहिताना पहिल्या वजिराच्या रांगेप्रमाणे उत्तरं मोजली: ४, ८, १६, १८, १८, १६, ८, ४. डावी-उजवी बाजू आरशासारखी! म्हणजे पहिल्या ओळीत चारच रांगा तपासून दुप्पट केलं की झालं. सी थांबेल. आधी हा अर्धा पट, आणि सोबत तो बिघडलेला कोड `n = 7` वर. ० ते ६ ची बेरीज २१, सातच्या पटीत आहे, त्यामुळे तिथे वाट बंद नाही. खऱ्या ४० उत्तरांपैकी किती वाचतात ते आज रात्री बघते.