पीळ पडलेला घेर

आमच्या बचत गटाकडे लहान मुलींच्या क्रोशाच्या स्कर्टची ऑर्डर होती. विणणाऱ्या बायका घरी विणतात आणि तयार माल माझ्याकडे तपासणीला येतो. त्या दिवशी गटात नव्यानेच आलेली एक मुलगी अर्धवट स्कर्ट घेऊन आली. कमरेपासून आठ फेऱ्या झाल्या होत्या. म्हणाली, "ताई, हा टेबलावर सपाट बसतच नाही. एका बाजूची गुंडाळी सरळ केली की दुसऱ्या बाजूला गुंडाळी होते. इस्त्री फिरवू का?"

इस्त्री तिने फिरवली नव्हती हे बरं झालं. अ‍ॅक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री टेकली की धागा मरतो, चपटा होतो आणि पुन्हा उसवून वापरता येत नाही. आणि या गुंडाळीचं इस्त्रीने काही होणारही नव्हतं.

मी घेर टेबलावर ठेवला आणि साखळीची कड, म्हणजे कमरेची कड, बोटाने धरून चालत गेले. एका जागी ती कड विणीच्या खाली शिरली आणि पलीकडून वर आली. पूर्ण गोल फिरून बोट पुन्हा साखळीच्याच कडेवर, सुरुवातीच्या जागी आलं. याचा अर्थ घेरात एक पूर्ण पीळ होता. अर्धा पीळ असता तर एका फेरीनंतर बोट वरच्या कडेवर पोचलं असतं. पण पहिल्या खांबाचं डोकं आणि शेवटच्या खांबाचं डोकं एकमेकांना जोडलं की अर्धा पीळ उरूच शकत नाही. दोन्ही खांब वर तोंड करून एकमेकांना भेटतात, त्यामुळे पीळ पडला तर तो पूर्णच पडतो. असा पीळ हाताने इकडून तिकडे सरकवता येतो, काढता येत नाही. तिच्या हातून तेच होत होतं.

नव्वद साखळ्यांची माळ सुईवरून सुटली की स्वतःभोवती फिरतेच. तिची रुंदी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, आणि एवढ्या अरुंद पट्टीत सरळ कुठली नि पिळलेली कुठली हे डोळ्यांना कळत नाही. शेवटची साखळी पहिलीला जोडताना पीळ आत अडकतो. पहिली फेरी झाल्यावर पट्टी सव्वा सेंटिमीटर उंच होते, तेव्हाही ती नुसती वळल्यासारखी दिसते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पट्टी ताठ झाली की मग शंका येते, आणि तोवर उसवण्याशिवाय उपाय उरत नाही. गळ्याभोवती घालायचा गोल स्कार्फ असता तर पीळ तसाच ठेवून चाललं असतं. स्कर्टला चालत नाही.

उसवण्याआधी मी टाके मोजले. नव्वद हवे होते, सत्त्याण्णव भरले. ही दुसरी चूक पिळाशी संबंधित नव्हती, ती जोडणीची होती. पहिल्या फेरीत नव्वद, आठव्या फेरीत सत्त्याण्णव, म्हणजे मधल्या प्रत्येक फेरीला एक टाका वाढला होता. आकडा असा दर फेरीला एकाने चढला की कारण जवळजवळ नेहमी एकच निघतं. फेरी जोडताना घातलेल्या स्लिप स्टिचचंही डोकं दिसतं, तो खांबच समजून पुढच्या फेरीच्या शेवटी त्यातही एक खांब घातला जातो. आकडा दर फेरीला एकाने उतरत असेल तर उलट झालेलं असतं. सुरुवातीच्या तीन साखळ्यांना पहिला खांब मानायचा आणि शेवटी त्यांच्या डोक्यात जोडायचं, हे विसरून कुठेतरी एक जागा सुटते.

शिवाय जोडाची रेघ स्पष्ट दिसत होती. तीन साखळ्या खांबापेक्षा बारीक असतात, म्हणून त्यांच्या शेजारी उभी भोकं पडली होती. भोकांच्या वर स्लिप स्टिचच्या गाठी, आणि ही सगळी रेघ हळूहळू उजवीकडे कललेली. उजव्या हाताने, काम न उलटता, गोल विणलं की असं होतंच. टाक्याचं डोकं त्याच्या खांबाच्या किंचित उजवीकडे बसतं, म्हणून त्यात घातलेला पुढचा खांबही थोडा उजवीकडे उभा राहतो. विणणारीचा यात काही दोष नाही. कललेला जोड लपवायचा असेल तर जोड रेघेसारखा दिसणारच नाही अशा तऱ्हेने विणायला हवा.

आठ फेऱ्या उसवल्या आणि तिच्या समोरच पुन्हा सुरुवात केली. खांबांची संख्या तीच ठेवली. आठ पदरी अ‍ॅक्रिलिक लोकर आणि साडेतीन मिलिमीटरची सुई, यांवर तिच्या हाताचे दहा सेंटिमीटरात सोळा खांब बसतात. तीन वर्षांच्या मुलीसाठी नव्वद खांबांचा घेर साधारण छप्पन्न सेंटिमीटरचा होतो, आत इलॅस्टिकची दोरी ओवली की पुरतो. साखळी मात्र चार मिलिमीटरच्या सुईने घातली, कारण साखळीचा हात बहुतेकींचा घट्ट असतो आणि घट्ट साखळी जास्त गुंडाळते. सुरुवातीचा धागा वीस सेंटिमीटर मोकळा सोडला. त्याचं काम पुढे आहे.

साखळ्या घातल्या एक्क्याण्णव, आणि त्या गोल जोडल्याच नाहीत. पीळ टाळण्याचा मला सगळ्यात खात्रीचा वाटणारा मार्ग हाच आहे. पहिली ओळ सरळ, पट्टीसारखी विणून घ्यायची. सुई साखळीच्या मागच्या बाजूला उठून दिसणाऱ्या एकेका गाठीतून घालायची, म्हणजे कमरेच्या कडेलाही वरच्या कडेसारखी वेणी दिसते आणि पट्टी कमी वळते. ओळ संपली की पट्टी टेबलावर अंथरायची, साखळीची कड सबंध आपल्याकडे, खांबांची डोकी सबंध पलीकडे. मग दोन्ही टोकं जवळ आणायची आणि पुन्हा एकदा कडेवरून बोट फिरवायचं. सव्वा सेंटिमीटरची पट्टी खोटं बोलत नाही. पीळ असलाच तर टोक नुसतं फिरवून घ्यायचं, अजून काही जोडलेलं नाही.

जोडल्यावर खाली, पहिल्या आणि शेवटच्या खांबाच्या पायथ्यांमध्ये, एका फेरीच्या उंचीची फट राहते. ती मोकळा सोडलेला धागा बोथट सुईत ओवून शिवून टाकायची. धागा साखळीच्या पहिल्या टोकातून शेवटच्या टोकात न्यायचा, परत आणायचा, कडेच्या वेणीइतकाच सैल ठेवायचा, आणि उरलेला मागच्या बाजूने खांबांच्या पायांत लपवायचा. घट्ट ओढला तर त्या जागी कमरेची कड चुरमडते.

काही जणी साखळी आणि पहिली ओळ एकाच वेळी विणतात. प्रत्येक खांबाच्या तळाशी त्याची स्वतःची साखळी घालत जायचं, म्हणजे धाग्याचा वेढा घेऊन सुई आत घातली, धागा ओढला, एक साखळी घातली आणि मग खांब पुरा केला. पुढचा खांब त्या साखळीतून निघतो. ही कड जास्त ताणते आणि पट्टी सुरुवातीपासूनच रुंद असते. पण नव्या हाताला सगळे पायथे सारखे येत नाहीत, म्हणून मी तिला सरळ ओळीचीच पद्धत दिली.

आता जोड. स्लिप स्टिच घालायची नाही. शेवटचा खांब झाला की सुई टाक्यातून काढायची, फेरीच्या पहिल्या खांबाच्या डोक्यातून पुढून मागे घालायची, सुटा टाका पुन्हा सुईवर घ्यायचा आणि त्या डोक्यातून पुढे ओढून घ्यायचा. नवा वेढा घेतलेला नसल्यामुळे जादा डोकं तयार होत नाही आणि मोजताना फसवायला काही उरत नाही.

तीन साखळ्यांऐवजी पहिला खांब दोन मजल्यांचा करायचा. टाका किंचित सैल ओढायचा, ज्या डोक्यात जोड झाला त्यातच एक मुका खांब घालायचा. मग त्या मुक्या खांबाच्या डावीकडच्या उभ्या धाग्याखालून सुई घालून त्याच्यावर दुसरा मुका खांब. दोन्ही मिळून उंची एका खांबाएवढी आणि जाडीही जवळपास तेवढीच होते, म्हणून भोक पडत नाही. वरच्या मुक्या खांबाच्या डोक्यात लगेच सेफ्टी पिन अडकवायची. फेरीच्या शेवटी जोड याच डोक्यात, आणि पिनेच्या अलीकडे एकही डोकं रिकामं राहिलेलं नसावं. पहिल्या ओळीची सुरुवातही अशीच केली होती. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, म्हणूनच साखळ्या नव्वद अधिक एक.

रेघ तरीही उजवीकडे कलते, पण डोळ्यांना रेघ दिसतच नाही. समोर बटणपट्टी असेल आणि जोड बरोबर मागे मध्यावर हवा असेल, तर प्रत्येक फेरीनंतर काम उलटायला हवं. मग कल एका फेरीत उजवीकडे, पुढच्या फेरीत डावीकडे जातो आणि जोड सरळ राहतो. मात्र उलट्या-सुलट्या फेऱ्यांचा पोत वेगळा दिसतो. या स्कर्टला तो शोभला नसता, म्हणून उलटलं नाही. नुसत्या मुक्या खांबांची टोपी असेल तर जोडायचीच गरज नाही, पिन लावून चक्री विणत जावं. उंच खांबांत चक्री विणली तर शेवटी पायरी उरते.

तिने दुपारपर्यंत चार फेऱ्या केल्या, चारही नव्वदच्या. दहाव्या फेरीत दर पाचव्या डोक्यात दोन खांब घालून अठरा वाढवायचे होते, म्हणजे एकशे आठ. खालच्या शिंपल्यांच्या कडेला एका शिंपल्यामागे सहा डोकी लागतात आणि एकशे आठात अठरा शिंपले नेमके बसतात. सत्त्याण्णव टाक्यांवर ही बेरीज कधीच जुळली नसती. शेवटचा शिंपला अर्धाच राहिला असता, आणि ही गोष्ट तिला बाविसाव्या फेरीनंतर कळली असती.

शेवटच्या फेरीचा जोड सुईने करायचा. धागा पंधरा सेंटिमीटरवर कापून शेवटच्या टाक्यातून पूर्ण वर ओढून घ्यायचा आणि बोथट सुईत ओवायचा. फेरीचा पहिला टाका सोडून दुसऱ्या टाक्याच्या डोक्याच्या दोन्ही धाग्यांखालून सुई न्यायची, मग जिथून धागा वर आला त्या शेवटच्या टाक्याच्या डोक्यात परत खाली. पहिल्या टाक्यावर एक खोटं डोकं बसतं आणि मोजणी तीच राहते. पहिल्याच टाक्याखालून सुई नेली तर एक डोकं वाढतं आणि कडेला तिथेच फुगवटा येतो. ते खोटं डोकं शेजारच्या डोक्यांएवढं होईपर्यंत धागा हळू ओढायचा, त्याहून जास्त नाही, आणि मग उरलेलं टोक मागच्या बाजूला दोन दिशांना ओवून कापायचं. एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन-तीन धुण्यांत बाहेर येतं.