सरांच्या उत्तरसूचीतला तिसरा रकाना

दहावी सुटून तीन वर्षे झाली होती आणि मी इतिहास घेऊन बी.ए. करत होतो, त्या सुमाराची ही आठवण आहे. आमच्या इतिहासाच्या सरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. वाचता येत होते, पण लिहायला त्रास व्हायचा, म्हणून नववीच्या सहामाहीच्या पेपराची उत्तरसूची लिहून घ्यायला त्यांनी मला रामबागेतल्या घरी बोलावले. एका तासाचे काम असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सलग तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

फुलस्केप कागदावर सरांनी माझ्याकडून तीन रकाने आखून घेतले. पहिला आदर्श उत्तराचा, दुसरा ग्राह्य पर्यायांचा आणि तिसरा, सगळ्यांत रुंद, नेहमीच्या चुकांचा. पहिला रकाना पुस्तक उघडून कोणीही भरेल, असे म्हणून सर तो भराभर सांगून मोकळे झाले.

महिदपूरची लढाई कोणत्या वर्षी झाली, हा एका गुणाचा प्रश्न होता. उत्तर 1817, ग्राह्य पर्याय ‘डिसेंबर 1817’. तिसऱ्या रकान्यात सरांनी ‘1818’ लिहायला सांगितले आणि त्याच्यापुढे कारणही. होळकर आणि इंग्रज यांच्यातली ही लढाई 21 डिसेंबर 1817 रोजी क्षिप्रेकाठी झाली आणि मंदसौरचा तह त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, 6 जानेवारी 1818 रोजी झाला. मध्ये वर्ष बदलल्यामुळे मुले तहाचे साल लढाईला लावतात. गुण शून्यच द्यायचा, पण ही चूक किती जणांनी केली ते मोजून ठेवायचे, कारण अर्ध्या वर्गाने ती केली असेल तर शिकवतानाच आपण दोन्ही सने एका दमात सांगून गेलो, असा त्याचा अर्थ होतो.

चार गुणांचा प्रश्न मंदसौरच्या तहाच्या परिणामांचा होता. होळकरांना राजपूत संस्थानांवरचे हक्क सोडावे लागले, सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख गेला, इंदूर दरबारी इंग्रज रेसिडेंट आला, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर राज्यांशी व्यवहार करण्याची मुभा उरली नाही. मी प्रत्येक मुद्द्याला एक गुण टाकला. सरांनी पुढे लिहायला लावले की ‘रेसिडेंट नेमला’ आणि ‘इंग्रजांचा प्रतिनिधी दरबारात आला’ ही दोन वाक्ये वेगवेगळी लिहिली असली तरी मुद्दा एकच धरावा. शब्द बदलून गुण दुप्पट करण्याची कला आमच्या वर्गालाही अवगत होती. खानदेशातला मुलूख गेला असे लिहिले तर ग्राह्य, ‘मंदसोर’ असे लेखन ग्राह्य. ‘राज्य खालसा झाले’ हे मात्र साफ चूक, कारण होळकरांचे राज्य मांडलिक होऊन का होईना, पुढे 1948 पर्यंत टिकले. गादीवरच्या अल्पवयीन राजाचे नाव ‘दुसरे मल्हारराव’ लिहिले काय आणि ‘तिसरे’ लिहिले काय, दोन्ही चालवायचे होते, कारण पुस्तकांतूनच दोन्ही गणती आढळतात. नुसते ‘मल्हारराव’ही चालेल, मात्र 1766 मध्ये वारलेले सुभेदार मल्हारराव या तहाला बसवले असतील तर तो मुद्दा कापायचा.

गाडी अडली ती एका साध्या प्रश्नावर. ‘होळकरांनी इंग्रजांशी कोणता तह केला?’ असा एका गुणाचा प्रश्न होता आणि मी डोळे मिटून ‘मंदसौरचा’ लिहिले. सरांचा शिरस्ता असा की सूची पक्की करण्यापूर्वी गठ्ठ्यातल्या दहा उत्तरपत्रिका वरखालून काढून तिच्याशी ताडून पाहायच्या. त्यांतल्या तिघांनी ‘राजघाटचा तह’ लिहिले होते. मी ते तिसऱ्या रकान्यात उतरवणार, तोच सरांनी हात धरला. यशवंतरावांनी 24 डिसेंबर 1805 रोजी इंग्रजांशी केलेला तह राजघाटचाच. मुलांचे उत्तर बरोबर होते, सन न घातलेला प्रश्नच लंगडा होता, आणि तो काढला होता खुद्द सरांनी. ते जरा वेळ गप्प बसले, मग ‘राजघाट’ दुसऱ्या रकान्यात घ्यायला लावले आणि पूर्ण गुण द्यावा असे खाली अधोरेखित करवले. नुसते ‘1818 चा तह’ असे उत्तर आले तर अर्धा गुण द्यावा, असे मी सुचवले. ‘विचारले काय, तर तहाचे नाव. नाव नाही, तर गुण नाही,’ असे म्हणून त्यांनी ते फेटाळले. मला तो निर्णय तेव्हाही कडक वाटला आणि आजही वाटतो.

दुसऱ्या तुकडीचे पेपर एक बाई तपासत होत्या आणि जुन्या कच्च्या सूचीवरून त्यांचे निम्मे तपासूनही झाले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर दुरुस्त कागद घेऊन शिक्षककक्षात गेले, चूक आपली आहे हे त्यांनी सर्वांदेखत सांगितले आणि बाईंचा गठ्ठा पुन्हा सोडवून घेतला. तेवढा एक प्रश्न नव्याने पाहायला आम्ही तिघे बसलो. अकरा मुलांचा गुण वाढला, आणि बाईंनी एकाही पत्रिकेवर जुना आकडा खोडला नाही. शेजारी नवा आकडा लिहून त्याखाली सही केली.