करार ‘बारा-तीन’चाच हवा, असं आम्ही का धरून बसलो

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी युनियनचा सेक्रेटरी होतो. ३१ मार्च २०१८ ला आमचा तीन वर्षांचा वेतनकरार संपला. त्यानंतरचा करार ‘बारा-तीन’चा, म्हणजे कलम १२(३) खाली सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर होईपर्यंत जे काही घडलं ते इथे लिहितोय, कारण कामगार कायदा शिकणाऱ्या मुलांना कलमं पाठ असतात, पण त्या कलमांमुळे कोणाच्या खिशात काय फरक पडतो हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

मुदत संपली की करार आपोआप गळून पडतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसं नव्हतं. एका बाजूने करार संपवत असल्याची लेखी नोटीस द्यावी लागे, आणि त्यानंतरही दोन महिने जुना करार लागू राही. म्हणून मागणीपत्र द्यायच्या आधी आम्ही ती नोटीस दिली आणि आवक-जावक विभागाचा शिक्का मारलेली पोच फाईलला लावली. मागणीपत्रात पहिलंच वाक्य घातलं की नवा करार १ एप्रिल २०१८ पासून लागू व्हावा. हे वाक्य नसेल तर वाटाघाटी जितक्या लांबतील तितके महिने कामगारांचेच बुडतात.

पहिले काही महिने बैठका कंपनीतच झाल्या. पगाराच्या आकड्यावर फारशी ओढाताण नव्हती. गाडी अडली ती हप्त्यांवर. मॅनेजमेंटने दोन पर्याय ठेवले. पहिल्यात एकूण वाढ १०,००० रुपये, ती पहिल्या वर्षी ७० टक्के आणि पुढच्या दोन वर्षांत १५-१५ टक्के. दुसऱ्यात एकूण ११,०००, पण ५०, ३० आणि २० टक्के अशी. गेट मीटिंगला पहिल्या पर्यायाच्या बाजूने एकच आरडाओरडा झाला, कारण पहिल्याच महिन्यात ५,५०० ऐवजी ७,००० हातात दिसत होते.

आम्ही सायकल स्टँडच्या भिंतीवर फळा टेकवून हिशेब मांडला. पहिल्या पर्यायात महिन्याला ७,०००, मग ८,५००, मग १०,०००. तीन वर्षांचे मिळून ३,०६,००० रुपये. दुसऱ्यात ५,५००, ८,८०० आणि ११,०००. मिळून ३,०३,६००. म्हणजे तीन वर्षांत फरक फक्त २,४०० रुपयांचा. पण करार संपतो त्या दिवशी दुसऱ्या पर्यायात पगार १,००० रुपयांनी जास्त असतो, आणि पुढचा करार त्या पगारावर चढतो. पुढच्या कराराला जेवढा उशीर होईल तेवढे महिने हे हजार रुपये मिळतच राहतात. फळ्यावर हे दिसलं आणि गलका बराच खाली आला.

पण मागे उभे असलेले एक लेथ ऑपरेटर हात वर करून म्हणाले, “सेक्रेटरी, मी ऑगस्टमध्ये रिटायर होतोय. मला तिसरं वर्ष दिसणारच नाही.” त्यांचं बरोबर होतं. जे पहिल्याच वर्षी निवृत्त होणार होते त्यांना दुसऱ्या पर्यायात महिन्याला १,५०० रुपयांचं सरळ नुकसान होतं, आणि ग्रॅच्युइटीही शेवटच्या पगारावर निघते. बहुमताच्या नावाखाली अशा माणसांना सोडून द्यायचं नाही, हे कमिटीने त्याच संध्याकाळी ठरवलं. कराराच्या मुदतीत निवृत्त होणाऱ्यांना सुरुवातीपासून ७० टक्क्यांचा हप्ता, असं वेगळं कलम आम्ही मागितलं. अशी माणसं मोजकीच होती, त्यामुळे कंपनीने ते फार न ताणता मान्य केलं.

खरी लढाई इथून पुढे होती. आकडे जुळल्यावर एचआर मॅनेजर म्हणाले, “आता सरकारी कचेरीत कशाला जायचं? इथेच सह्या करू, पुढच्या पगारात वाढ लावतो.” ऐकायला हे छान वाटतं. कमिटीतल्या दोघांनाही ते पटलं होतं. अध्यक्ष नाना मात्र एकच वाक्य बोलले, “करार बारा-तीनचाच होईल.”

त्याचं कारण नीट समजून घ्यावं लागतं. कंपनी आणि युनियनने आपापसात सही केलेला करार कलम १८(१) खाली येई, आणि तो फक्त सही करणाऱ्या पक्षांवर बंधनकारक असे. समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाची कार्यवाही चालू असताना झालेला करार कलम १२(३) चा. तो कलम १८(३) मुळे त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होई. ते आपल्या युनियनचे असोत, दुसऱ्या युनियनचे असोत किंवा कुठल्याच नसोत. उद्या नव्याने लागणाऱ्यालाही तोच लागू.

आमच्याकडे बहुसंख्य कामगार आमच्या युनियनचे असले तरी एक छोटी दुसरी युनियन होती, आणि काही जण कुठेच नव्हते. आपापसातला करार झाला असता तर या लोकांकडून कंपनीने एकेकट्याने ‘करार मान्य आहे’ अशी पत्रं घेतली असती. त्या पत्रात आणखी काय लिहून घेतलं जाईल याची खात्री कोणी द्यायची? शिवाय दुसरी युनियन दुसऱ्याच दिवशी नवं मागणीपत्र घेऊन उभी राहू शकली असती. म्हणजे बारा-तीनचा करार कंपनीच्याही फायद्याचा होता, आणि नानांनी तो मुद्दा बैठकीत तसाच मांडला.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट वेगळी होती. आपल्याकडे १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबतचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा कायदा आहे. त्याखाली औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवलेल्या युनियनने केलेला आपापसातला करारही औद्योगिक विवाद कायद्यातल्या राज्याच्या दुरुस्तीमुळे सगळ्यांवर बंधनकारक होई. पण आमची युनियन नोंदणीकृत होती, मान्यताप्राप्त नव्हती. हा फरक परीक्षेत आणि कारखान्यात दोन्हीकडे लोक विसरतात.

मग आम्ही कामगार उपायुक्त कार्यालयात विवाद दाखल केला. समेटाच्या कार्यवाहीत वकील चालत नाही, हे चांगलं आहे. टेबलाच्या एका बाजूला आम्ही चौघे, दुसऱ्या बाजूला एचआर मॅनेजर आणि फायनान्सचे एक साहेब, मध्ये समेट अधिकारी म्हणून सरकारी कामगार अधिकारी. तो अधिकारी निकाल देत नाही. कधी दोघांना समोरासमोर बसवतो, कधी एकाला बाहेर पाठवून दुसऱ्याशी बोलतो. तेव्हाच्या कायद्यात ही कार्यवाही चौदा दिवसांत आटोपायची असे. प्रत्यक्षात तारखा महिनोन्‌महिने पडतात. प्रत्येक तारखेला रोजनामा लिहिला जातो आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. सही करण्याआधी तो शब्दन्‌शब्द वाचायचा. एका तारखेला ‘उभयपक्षी चर्चा झाली’ एवढंच लिहिलं होतं. निवृत्तांचं कलम कंपनीने तोंडी मान्य केलं होतं, ते नानांनी त्यात घालून घेतलं आणि मगच सही केली.

याच काळात कंपनीने पॅकिंग विभागाची शिफ्ट बदलायची सूचना लावली. पोरं भडकली. काहींचं म्हणणं होतं की उद्यापासून हात आखडता घ्या, उत्पादन अर्ध्यावर आणा. हे मात्र होऊ द्यायचं नव्हतं. जाणूनबुजून काम संथ करणं ही १९७१ च्या कायद्यात युनियनच्या बाजूची अनुचित कामगार प्रथा आहे. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय केलेला संपही त्याच कायद्याने बेकायदा ठरतो. आणि तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्यात अशी तरतूद होती की दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, नोटीस न देता गैरहजर राहिले, तर नोकरीच्या शर्तींत तशी सोय असल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. गेटवर हे सांगितलं तेव्हा एक तरुण वेल्डर चिडून म्हणाला, “मग आपण करायचं काय, भाऊ?”

करायचं ते कायद्यातच होतं. समेटाची कार्यवाही चालू असताना विवादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांचं नुकसान होईल अशा लेखी परवानगीशिवाय बदलता येत नव्हत्या. ते कलम ३३. शिफ्टच्या वेळा आमच्या मागणीपत्रात होत्याच, म्हणून ती सूचना थेट समेट अधिकाऱ्यापुढे ठेवली. कामगारांनी काळ्या फिती लावून पूर्ण उत्पादन दिलं. पुढच्या तारखेला कंपनीने सूचना मागे घेतली आणि तेही रोजनाम्यात आलं.

कराराचा मसुदा आला तेव्हा आम्ही तो रात्री बसून वाचला. एका ओळीत लिहिलं होतं, ‘करारावर सही होण्याच्या दिवशी हजेरीपटावर असलेल्या कामगारांना फरकाची रक्कम देण्यात येईल.’ फरक म्हणजे १ एप्रिलपासून साठलेली वाढ. तोवर ऑगस्ट उलटून गेला होता. म्हणजे ते लेथ ऑपरेटर आणि मधल्या काळात निवृत्त झालेले सगळे एका ओळीने बाहेर पडत होते, त्यांच्यासाठी वेगळं कलम असूनही. तिथे आम्ही ‘१ एप्रिल २०१८ रोजी हजेरीपटावर असलेल्या’ असं करून घेतलं. नवीन लागलेल्यांना रुजू झाल्या तारखेपासूनचा फरक, हे वाक्य वेगळं घातलं. मग समेट अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या.

उत्पादनाचं कलम सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं होतं. एका मशीनवर शिफ्टला ४२० नग निघत, कंपनीने ४६० मागितले. आम्ही ते दिले, पण मशीन बिघाड, वीज जाणं आणि कच्चा माल नसणं हा वेळ वजा करून. सहीनंतर पहिली तक्रार नेमकी त्यावरच आली. टूल बदलायला लागणारा वेळ सुपरवायझर वजा करत नव्हता आणि एका ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह बुडाला. अशा एकट्याच्या तक्रारीसाठी पुन्हा सरकारी कचेरी गाठायची नसते. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती असावी लागते, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, आणि लेखी अर्ज आल्यावर तीस दिवसांची मुदत. समितीने मशीनचं लॉगबुक मागवलं. झिजलेलं टूल ठरलेल्या नगांनंतर बदलणं हा नेहमीच्या कामाचा भाग, पण टूल मध्येच तुटलं तर तो बिघाड, असा निर्णय झाला. लॉगबुकात तुटलेल्या टूलच्या नोंदी होत्या, त्या वेळेचे पैसे ऑपरेटरला मिळाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, वाटाघाटी करणाऱ्या युनियनसाठी ५१ टक्के सभासदत्वाची अट आली, चौदा दिवसांची संपाची नोटीस देशभर सगळ्याच उद्योगांना लागू झाली. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आणि आपापसात झालेला करार यांतला फरक मात्र तिथेही ठेवलेला आहे, त्यामुळे मसुदा हातात आला की तो कोणत्या प्रकारचा आहे आणि फरकाच्या रकमेच्या ओळीत कोणती तारीख आहे, या दोन गोष्टी मी अजूनही सगळ्यांत आधी बघतो.