तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापूर सोडणार नाही हे रिक्रुटरला कधी सांगायचं

"दादा, रिक्रुटरचा फोन आला की कोल्हापुरातनंच काम करणार म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकायचं काय? का ऑफर हातात येईस्तोवर गप्प बसायचं?"

पहिल्याच कॉलला सांगायचं. पण "मला रिमोटच पाहिजे" असं नाही. सांगायची एक पद्धत आहे आणि ती मला दोनदा तोंडावर आपटल्यावर कळली.

पहिल्या वेळी मी गप्प बसलो होतो. तीन टेक्निकल राउंड, मग मॅनेजर राउंड, सगळं झकास झालं, आणि पगाराचं बोलणं सुरू झाल्यावर मी हळूच म्हटलं की मी कोल्हापुरात असतो आणि इथूनच करेन. पलीकडं शांतता. मग ती बाई म्हणाली, "सर, हे आधी सांगायला हवं होतं, ही ओपनिंग पुणे लोकेशनवर अप्रूव्ह आहे." तेव्हा मला वाटलं की एवढं सिलेक्ट केलंय तर हे लोक काहीतरी करतीलच. काही केलं नाही. नंतर एका एचआरवाल्या मित्रानं समजावलं की ओपनिंग उघडतानाच तिच्यावर लोकेशन पडतं, बजेट पण त्याच्याशीच बांधलेलं असतं, आणि शेवटच्या टप्प्यावर ते बदलायचं म्हणजे सगळ्या मंजुऱ्या परत फिरवायच्या. रिक्रुटरच्या हातात ते नसतंच. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर तिनं निदान मॅनेजरला विचारलं तरी असतं.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो आणि पहिल्याच कॉलला विचारलं, "रिमोट आहे का?" "हो हो सर, सध्या सगळे घरूनच करतायत." खूश होऊन जॉइन झालो. सहा-सात महिन्यांनी मेल आला की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. ऑफर लेटर काढून बघितलं तर त्यात वर्क लोकेशन पुणे. खोटं कुणीच बोललं नव्हतं, 'सध्या' हा शब्द मीच ऐकून सोडून दिला होता.

म्हणून आता मी जे बोलतो ते जवळजवळ पाठच झालंय. "मी कोल्हापुरात राहतो आणि इथूनच काम करायची माझी पसंती आहे. या पोझिशनला त्यातलं काय काय शक्य आहे ते सांगाल का?" हो किंवा नाही असं उत्तर देता येऊ नये अशा बेतानं विचारायचं. "रिमोट आहे का" म्हटलं की समोरचा स्क्रीनवर बघतो, तिथं 'हायब्रिड' लिहिलेलं असतं, तो "नाही सर" म्हणतो आणि फोन ठेवतो. काय शक्य आहे असं विचारलं की त्याला निदान थोडं बोलावं लागतं.

कारण सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. आई-वडलांचं वय झालंय वगैरे खरं असलं तरी ते ऐकून समोरच्याच्या मनात येतं की हे किती दिवसांचं, आणि मग "सहा महिन्यांनी रिलोकेट कराल ना?" हा प्रश्न येतोच येतो. पसंती म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आणखी एक, फोन करणारा कंपनीचा माणूस आहे का कन्सल्टन्सीचा हे सुरुवातीलाच विचारून घ्या. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते तुम्ही जॉइन झाल्यावर, त्यामुळं तिकडनं "होऊन जाईल सर, तुम्ही इंटरव्ह्यू तर द्या" हे ठरलेलं वाक्य येतं. त्यावर माझं पण ठरलेलं, कंपनीकडून दोन ओळींचा मेल आणा, मग मी इंटरव्ह्यूला बसतो. निम्मे लोक तिथंच गायब होतात, चांगलंच आहे, आपला वेळ वाचतो.

आता सध्याची नोकरी कशी जमली ते सांगतो, कारण खरी गंमत दिवसांच्या हिशोबात आहे.

मी बॅकएंडवाला, जावा, नऊ वर्षं. ओपनिंग पुण्याची, हायब्रिड. रिक्रुटर मॅडम कंपनीच्याच, मराठी, कोल्हापूर ऐकल्यावर तांबडा-पांढरा झाला (कोल्हापूर म्हटलं की अर्धा मिनिट त्यात जातोच, जाऊ द्यायचा), आणि मग म्हणाल्या की फुल रिमोट पॉलिसीत नाही. मी म्हटलं ठीक आहे, तीन गोष्टी विचारून सांगाल का. ऑफिसचे दिवस आठवड्यावर मोजता का महिन्यावर? तो नियम कंपनीचा का मॅनेजर ठरवतो? आणि टीम बसते कुठं?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आठवड्यातून दोन दिवस आणि महिन्यातून आठ दिवस हे कागदावर सारखंच, पण कोल्हापूरकरासाठी जमीन-अस्मानाचा फरक. पुणे इथून साधारण 230 किलोमीटर, हायवेचं काम चालू असलं की पाच तास कुठं गेले कळत नाही. दर आठवड्याला दोन दिवस म्हणजे महिन्यात चार फेऱ्या, माणूस तीन महिन्यांत बसतो. तेच दिवस सलग मिळाले तर एक फेरी. वंदे भारत आहे की असं सगळे म्हणतात, पण ती आठवड्यातून तीनच दिवस आणि सकाळी इथून निघून पुण्यात दुपारी पोचते, दहाच्या ऑफिसला तिचा काय उपयोग.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. मॅनेजर हैदराबादला, निम्मी टीम बेंगळुरूला, पुण्यात दोघंच. म्हणजे पुण्याच्या ऑफिसात जाऊन पण मी हेडफोन लावून मीटिंगच करणार होतो. आणि नियम महिन्याला आठ स्वाइपचा, पण मॅनेजर एक्सेप्शन टाकू शकतो. बँकेसारख्या क्लायंटचं काम असतं तर हे इथंच संपलं असतं, कारण तिथं करारातच लिहिलेलं असतं की काम ठरावीक जागेतूनच, आणि मग मॅनेजरला कितीही वाटलं तरी इलाज नसतो. त्यामुळं क्लायंटची अशी काही अट आहे का हे पण विचारून ठेवा.

मॅनेजरशी बोलताना मी आठाचे पाच मागितले, महिन्यात एक पूर्ण आठवडा, सोमवार ते शुक्रवार. त्यांनी विचारलं, लाइट आणि नेटचं काय? सरळ सांगितलं की दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं आहेत, इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप दिवसभर निघतो, आणि 2019 आणि 2021 सारखा पूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तर त्या आठवड्यात मी पुण्याला येऊ शकणार नाही. लपवून उपयोग नाही, पावसाळ्यात कळणारच आहे. ते हसले आणि म्हणाले, मग तो आठवडा पुढं ढकलू.

मग आलं बेस लोकेशन, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. लेटरवर बेस कोल्हापूर असेल तर पुण्याला जाणं हा कंपनीचा प्रवास धरतात आणि बहुतेक ठिकाणी प्रवास आणि राहण्याचं बिल लावता येतं. बेस पुणे असेल तर पुण्याला जाणं म्हणजे रोज ऑफिसला जाण्यासारखं, खर्च तुमचा. मी कोल्हापूर मागितलं. मॅडमनी खरंच सिस्टीम उघडून बघितली, त्यांच्या लोकेशनच्या यादीत कोल्हापूर नव्हतंच, कारण इथं ऑफिस नाही. तिथं भांडून उपयोग नव्हता.

मग मी खर्च काढला. रविवारी संध्याकाळी निघायचं, पाच रात्री, शुक्रवारी परत. राहायला रात्रीचे 1,200 धरले, सहा हजार झाले. येणं-जाणं 1,200, जेवणाचे वरचे 1,800. महिन्याला नऊ हजार, वर्षाला 1 लाख 8 हजार. हे टॅक्स कापून हातात आलेल्या पैशातले, म्हणजे सीटीसीत साधारण दीड लाख वाढले तर कुठं बरोबरी होते. तेवढेच मागितले, हिशोबाचा मेल पण टाकला. त्यावर ठरलेलं उत्तर आलं की कोल्हापूरला खर्च कमी ना सर. मी म्हटलं, मॅडम, लेटरवर तर तुम्ही पुणे लिहिताय. शेवटी एक लाख वाढवून मिळाले. पुण्यात बावीस हजार भाड्यानं घर घेतलं असतं तर वर्षाला 2 लाख 64 हजार गेले असते, त्यामुळं मी गप सही केली.

(काही कंपन्यांत लोकेशनप्रमाणं पगाराचा बँडच बदलतो. आपला आकडा सांगायच्या आधी हे विचारा, नंतर विचारलं की आकडा खालीच येतो.)

सही करायच्या आधी एक काम केलं. महिन्यात पाच दिवस पुणे, बाकी कोल्हापुरातून, हे मॅनेजरकडून मेलवर मागून घेतलं आणि एचआरला कॉपीत ठेवलं. लेटरमध्ये कंपनी कधीही कुठंही बदली करू शकते ही ओळ असतेच, ती तुम्ही काढू शकणार नाही, आणि माझा मेल पण काही कोर्टात लढायचं हत्यार नाही. पण मॅनेजर बदलला तर नव्या माणसासमोर ठेवायला काहीतरी असतं. एकदा बदललाच, आणि नवा साहेब "हे कुणी ठरवलं?" म्हणाला तेव्हा तोच मेल फॉरवर्ड केला.

ते एक्सेप्शन एक वर्षाचंच असतं, मार्चअखेर संपतं. मी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारचं रिमाइंडर लावलंय. गेल्या वर्षी विसरलो होतो आणि एप्रिलमध्ये सिस्टीमनं तीन दिवस कमी भरल्याचा मेल पाठवला.