आजीच्या हातांवरची हळद

रविवार, रात्र

लेकीच्या मनगटावर आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठले, त्याला आता महिना होत आला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ते अंगातल्या उष्णतेचे ठरवले आणि रोज झोपताना तिला कुशीत घेऊन खोबरेल तेलात कालवलेली हळद त्या जागी चोळू लागल्या. आठवड्याभराने त्यात कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्याची भर पडली. तेल लावले की तिला घटकाभर बरे वाटे, म्हणून मीही गप्प राहिले. मात्र मध्यरात्री ती इतकी खाजवत असे की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसत. दिवसा कमी आणि रात्री असह्य अशी ही खाज कशाची, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

काल खाजवलेल्या जागी पू दिसला आणि आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हळदीचा पिवळा थर कापसाने हलकेच पुसला, तेव्हा त्याखाली केसासारखी बारीक, वाकडी रेघ दिसली. मग त्यांनी अनपेक्षितपणे म्हटले, "आजी, तुमचे हात दाखवा बरं." सासूबाईंच्या बेचक्यांतही तसेच पुरळ होते. त्यांनाही रात्री खाज येत होती, पण वयामुळे कातडी कोरडी पडली असेल म्हणून त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

ही खरूज होती. डोळ्यांना न दिसणारा किडा त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो आणि बराच वेळ अंगाला अंग लागल्याने पसरतो. "माझ्यामुळेच पोरीला झालं का?" असे सासूबाईंनी विचारले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायला बहुधा ३ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे कोणाकडून कोणाला लागली हे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी त्यांना समजावले. पुवासाठी वेगळे औषध दिले.

आज रात्री खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळव्यांपर्यंत लावले आहे. एकजण जरी सुटला तरी लागण पुन्हा फिरते. सकाळी अंघोळ करून कपडे आणि अंथरुणे कडक पाण्यात धुवायची आहेत, आणि पुढच्या रविवारी हेच सारे पुन्हा. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, म्हणून मधल्या दिवसांत धीर सोडून रोज मलम लावू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

सासूबाईंच्या पाठीला मी मलम लावले. नखांच्या कडांची हळद अजून गेली नव्हती. नखे कापून तिथेही मलम भरले. लेक आज आपल्या अंथरुणावर एकटी झोपली आहे, आणि सासूबाई दर थोड्या वेळाने दारात येऊन ती खाजवते आहे का ते पाहून जात आहेत.