‘व्हेरिफाइड अँड रिव्हर्टेड’

अमेरिकेतल्या एका किरकोळ विक्री कंपनीच्या सिस्टिम आमची टीम सांभाळते. पुरवठादारांच्या सर्व्हरवरून फाइली आणून त्या दुकानांतल्या शिल्लक मालाशी जुळवायच्या, असं काम करणारा त्यांचा एक जॉब शिकागोच्या वेळेनुसार रोज रात्री एकला चालतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. पुरवठादाराच्या सर्व्हरने उत्तर द्यायला 30 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला की हा जॉब बंद पडायचा. आम्ही ती मर्यादा, म्हणजे टाइमआउट, 120 सेकंदांवर नेली आणि बदल प्रॉडक्शनवर टाकला. एका पुरवठादाराचा सर्व्हरही बदलणार होता. त्याच्यासाठी कंपनीच्या फायरवॉलमधून वाट मोकळी करून घ्यायची होती आणि ते काम त्यांच्याच नेटवर्क टीमचं होतं.

संध्याकाळी आमच्या सहकाऱ्याने दोन्ही गोष्टींसाठी एकच मेल पाठवला. टाइमआउट वाढवल्याचं सांगून खाली लिहिलं होतं, ‘काइंडली व्हेरिफाय अँड रिव्हर्ट बॅक. आल्सो, काइंडली डू द नीडफुल फॉर फायरवॉल.’ पलीकडच्या बऱ्याच जणांची नावं ‘टू’मध्ये होती. थोड्या वेळाने शिकागोहून तिथल्या इंजिनिअरचं उत्तर आलं, ‘व्हेरिफाइड अँड रिव्हर्टेड.’ तपासलं आणि कळवलं, असा त्याचा अर्थ घेऊन आमच्याकडे तिकीट बंद झालं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला जॉब सुरू झाला आणि काही मिनिटांतच पडला. लॉगमध्ये तीच जुनी तक्रार, 30 सेकंद उलटून गेले. आम्ही तर 120 केले होते! मी गिटमध्ये नोंदलेला कोडचा इतिहास उघडला. सगळ्यात वर ही ओळ होती:

```
Revert "Increase SFTP timeout to 120"
```

ही ओळ कुणी हाताने लिहीत नाही. `git revert` ही आज्ञा दिली की गिट आधीच्या बदलाच्या नावापुढे ‘रिव्हर्ट’ लावून ती स्वतः तयार करतं आणि तो बदल उलटा फिरवतं. म्हणजे आमचा बदल अपघाताने गेला नव्हता, कुणीतरी तो समजून-उमजून काढून टाकला होता. मग आदल्या दिवशीचं उत्तर मी पुन्हा वाचलं. ‘व्हेरिफाइड अँड रिव्हर्टेड.’ त्याने जे केलं तेच अक्षरशः लिहिलं होतं.

कॉलवर तो इंजिनिअर शांतपणे म्हणाला, “तुम्ही तपासायला सांगितलंत, तपासलं. मग बदल मागे घ्यायला सांगितलंत, घेतला. मला वाटलं, तुम्हाला फक्त चाचणी करून बघायची होती.” त्याच्या बाजूने पाहिलं तर यात खटकण्यासारखं काहीच नाही. अमेरिकन इंग्रजीत ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी तर तो रोजचा, एकाच अर्थाचा शब्द. पुढच्या ‘बॅक’ने त्याची उरलीसुरली शंकाही गेली. आपल्या कानाला तो ‘बॅक’ म्हणजे उलटटपाली उत्तर, त्याला मात्र बदल पार मागे नेण्याची ताकीद वाटली. दोन्ही बाजूंनी शब्द तोच, दोघांचंही समाधान झालेलं, म्हणून चूक कुणाच्या लक्षातच आली नाही. उत्तर वेगळ्या शब्दांत आलं असतं तर आम्ही तिथेच थबकलो असतो.

टाइमआउटचा बदल पुन्हा चढवून जॉब चालवला आणि तो पार पडला. फायरवॉलचं दुखणं वेगळं निघालं. तिथे काहीच झालं नव्हतं. नेटवर्क टीमच्या बाईंना विचारलं तर त्यांनी मेल वाचला होता. “नीडफुल हे वाक्य तुमच्याकडच्या बऱ्याच मेल्सच्या शेवटी असतं. मला वाटलं, ‘बेस्ट रिगार्ड्स’सारखी पद्धत असेल,” त्या म्हणाल्या. शिवाय मेल इतक्या जणांना गेला होता की हे काम आपलं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या कार्यालयांत ‘आवश्यक ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं की ज्याच्या टेबलावर कागद जातो त्याला आपलं काम ठाऊक असतं. उलट, त्याने नेमकं काय करायचं हे खालच्याने न सांगणं हा त्याचा मान राखण्याचा भाग असतो. परदेशातल्या वाचकाकडे ती पार्श्वभूमी नसते. कोणता सर्व्हर, कोणता पोर्ट, कुणी, कधीपर्यंत, हे सगळं त्या एका ‘नीडफुल’मध्ये गडप होतं. मग तो एकतर विचारतो, नाहीतर वाट पाहतो. बहुतेक जण वाट पाहतात.

त्या कॉलवर इंग्लंडमधला एक व्यवस्थापकही होता. ‘डू द नीडफुल’ त्याला कळत होतं, पण जुन्या दप्तरातला कागद वाचल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला. ते खरंच आहे. हे आपण घडवलेलं इंग्रजी नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश पत्रव्यवहारात ते सर्रास असायचं. तिकडे ते मागे पडलं, आपल्याकडे सरकारी टिपणीतून टिकून राहिलं. ‘काइंडली’बद्दल मात्र त्याने जे सांगितलं ते मला नवीन होतं. त्याच्या कानाला त्यात विनंतीपेक्षा दटावणी जास्त ऐकू येते, भिंतीवरच्या सूचनेसारखी. अमेरिकन इंजिनिअरने त्यात भर घातली. अनोळखी माणसाच्या मेलमध्ये ‘काइंडली’ दिसलं की फसवणुकीचा मेल असेल अशी शंका आधी मनात येते, कारण तसल्या मेल्समध्ये हा शब्द फार असतो.

मेल लिहिणारा आमचा सहकारी खट्टू झाला. “ताई, नुसतं ‘प्लीज’ लिहिलं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं हो,” तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. ‘काइंडली’मध्ये आपण ‘कृपया’ची अदब ऐकतो, आणि ती अदब मनापासूनची असते. त्याचं इंग्रजी चुकलं असं मी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. भारतातल्या कुठल्याही ऑफिसने तो मेल बरोबर वाचला असता. मी त्याला इतकंच सुचवलं की तिकडच्या लोकांना अदब प्रश्नातून पोहोचते. ‘कुड यू’ने सुरुवात करायची, शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं.

त्याने माझ्याशेजारी बसून दोन वेगळे मेल लिहिले. पहिला फक्त शिकागोच्या इंजिनिअरला: टाइमआउट पुन्हा 120 केला आहे, तो तसाच राहू द्यावा. आज रात्रीचा जॉब पूर्ण झाला का, एवढं उद्या सकाळी कळवाल का? दुसरा फक्त नेटवर्कच्या बाईंना: नव्या सर्व्हरचा पत्ता, पोर्ट 22, जोडणी आपल्याकडून बाहेर जाणारी, गुरुवारपर्यंत हवी. हे तुमच्याकडे येतं का, नसेल तर कुणाला विचारू? त्या शेवटच्या प्रश्नावर त्याचं आधी माझ्याशी पटेना. आपल्याला माहीत नाही हे ग्राहकाला कशाला दाखवायचं, असं त्याचं म्हणणं होतं. पण उपयोगी पडला तो तोच प्रश्न. बाईंनी लगेच कळवलं की बाहेर जाणाऱ्या जोडण्या दुसरी टीम पाहते आणि मेल तिकडे पाठवला आहे. गुरुवारच्या आत वाट मोकळी झाली.

शिकागोसाठी आम्ही ‘रिव्हर्ट’ आता फक्त बदल मागे घेण्याच्या अर्थाने वापरतो. उत्तर हवं असेल तर ‘लेट मी नो’ किंवा सरळ ‘रिप्लाय’. सिंगापूरच्या ग्राहकाबरोबर मात्र काही बदललेलं नाही. सिंगापूर-मलेशियाकडे ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणंच, आणि जहाज भाड्याने ठरवणाऱ्या दलालांतही तो शब्द त्याच अर्थाने चालतो. तिकडून ‘प्लीज रिव्हर्ट बाय फ्रायडे’ असा मेल आला की आम्ही शुक्रवारच्या आत उत्तर देतो.