चौकटीतली तारीख आणि कागदातली तिथी

इंदूरला अहिल्याबाईंची पुण्यतिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला असते. मराठी पंचांगाप्रमाणे मात्र ती श्रावण वद्य चतुर्दशी. दिवस एकच, माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, एवढाच फरक. विकिपीडियाच्या माहितीचौकटी तपासताना मला सर्वांत जास्त भीती याच जागेची वाटते.

निधन 13 ऑगस्ट 1795 चे, महेश्वरला. म्हणजे शके 1717, श्रावण वद्य 14. आता कुणी इंदूरकडच्या मजकुरातलं ‘भाद्रपद कृष्ण 14’ उचलून मराठी पंचांगाने इंग्रजी तारीख काढली, तर ती निदान महिनाभर पुढे सरकते. मध्ये अधिक मास आला तर त्याहून जास्त. म्हणून तारखेकडे बघण्याआधी मी मूळ तिथी कोणत्या पद्धतीची आहे ते पाहतो.

पडताळा दुसऱ्या कालगणनेने घ्यावा. त्या काळच्या मोडी पत्रांत तिथीऐवजी किंवा तिथीसोबत ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याची तारीख असते. हा महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, त्यामुळे वद्य चतुर्दशी साधारण 27 तारखेच्या आसपासच पडते. 13 ऑगस्टला 27 मोहरम, हिजरी 1210 येते. कागदात मोहरम असेल तर ऑगस्ट पक्का; सफर असेल तर महिन्याची चूक झाली. पत्रांत अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं वर्षही असतं, तो शुहूर सन. इथे तो ‘सित तिसैन मया व अलफ’, म्हणजे 1196. त्यात 599 मिळवले की 1795. पण हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून जानेवारी ते मेच्या नोंदींत 600 मिळवायचे. वार दिला असेल तर उत्तमच: 13 ऑगस्ट 1795 ला गुरुवार होता.

एक दिवसाच्या फरकावर मात्र वाद घालू नये. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तिथी तर दुपारीही बदलते.

चूक नकललेली आहे का, हे पानाच्या इतिहासात कळतं. ती तारीख पहिल्यांदा कोणत्या संपादनात आली, त्याला संदर्भ होता का, हे पाहायचं. मग विकिडेटावर मृत्यूच्या तारखेचा गुणधर्म `P570` उघडायचा. तिथे संदर्भात फक्त आयात कुठून झाली हे सांगणारा `P143` असेल, तर नोंद कुठल्यातरी विकिपीडियातूनच ओढलेली आहे. पाच भाषांत तीच तारीख दिसली तरी साक्षीदार एकच. उलट दिशेचाही फास असतो. चौकटीला जोडलेलं पुस्तक त्या संपादनानंतर छापलेलं असेल, तर लेखकाने तारीख बहुधा चौकटीतूनच घेतली असावी. असा संदर्भ मी मोजत नाही.

दुरुस्ती करताना चर्चापानावर मूळ तिथी, शक, महिन्याची पद्धत आणि छपाईचं पान जसंच्या तसं लिहितो. नुसती इंग्रजी तारीख टाकली तर भाद्रपद वाचणारा पुढचा माणूस ती परत ‘सुधारतो’.